डोंगलचं बिल आणि बाबांचे दोन जीबी

*सप्रेम नमस्कार. आमचा फॅमिली पोस्टपेड प्लॅन माझ्या नावावर आहे. मी, बायको, आई, बाबा हे चार नंबर मूळ प्लॅनमध्ये. कोल्हापूरला दिलेली बहीण, पुण्यात नोकरी करणारा धाकटा भाऊ आणि त्याचं डोंगल या तीन जादा लाईन. मूळ प्लॅन ११९९, जादा लाईन प्रत्येकी २९९. डेटा सामायिक: मूळ १५० जीबी आणि जादा लाईनमागे १०, मिळून १८०. या महिन्यात २०४ जीबी झाले (मी २२, बायको १८, आई ९, बाबा २, बहीण १४, भावाचा फोन ७८, डोंगल ६१). वरच्या २४ जीबीचे २४० रुपये लागले, त्यातले ७० बहिणीच्या नंबरापुढे छापून आलेत म्हणून ती चिडलीय. तिच्या सिंगापूर ट्रिपचा रोमिंग पॅक ८९९. धाकट्याचे पैसे यायची वाट बघत थांबलो म्हणून लेट फी १००. जीएसटी धरून बिल ३९३५. धाकटा म्हणतो सहा जणांत सारखं वाटा. बायको म्हणते ज्याचे जेवढे जीबी तेवढे त्याचे पैसे. बहिणीने ८९९ पाठवून "माझं झालं" म्हटलंय. बाबा म्हणतात, माझा फोनच बंद करा. नेमका हिशेब कसा करू?*

*– बिल भरणारा थोरला, नाशिक*

नमस्कार.

पत्रात आकडे एवढे नीट दिलेत की निम्मं काम तुम्हीच करून ठेवलंय. आधी धाकट्याची आणि वहिनींची सूचना चालवून बघू, मग त्या बाजूला ठेवू.

सहा जणांत सारखं वाटलं तर प्रत्येकी ६५६ रुपये येतात. म्हणजे महिनाभरात दोन जीबी वापरणारे बाबा ६५६ देणार आणि १३९ जीबी वापरणारा धाकटाही ६५६ देणार. त्याला हा हिशेब का आवडतो ते उघड आहे. वहिनींच्या जीबीप्रमाणे गेलात तर बाबांचे होतात ३९ रुपये आणि धाकट्याचे २६८१. आता ऐकायला बरं वाटतं, पण त्या २६८१ मध्ये काय काय आलं ते बघा. बहिणीच्या सिंगापूरच्या रोमिंगचे दोन तृतीयांश पैसे धाकट्याच्या खिशातून गेले. तो बिचारा पुण्याच्या बाहेरही पडलेला नाही. आणि बाबांना ३९ रुपयांत महिनाभर अमर्याद कॉल मिळाले, जे बाजारात कुणीही कुणाला देत नाही.

दोन्ही सूचनांत चूक एकच आहे. बिलाला एकच रक्कम समजून ती एकाच मापाने कापायला निघालात. तुमच्या हाउसिंग सोसायटीचं मेंटेनन्सचं बिल आठवा. सर्व्हिस चार्जेस सगळ्या फ्लॅटना सारखे, पाण्याचे पैसे नळांच्या संख्येवर, पार्किंग ज्याची गाडी त्याला. तिथे कुणी सगळी रक्कम नळांवर वाटा म्हणत नाही. मोबाईलच्या बिलातही तसेच वेगवेगळे पैसे एकत्र शिवलेले असतात, आणि प्रत्येकाचं कारण वेगळं असतं.

सुरुवात बहिणीपासून करू, कारण तिचं सोपं आहे. रोमिंग पॅक तिचा, पैसे तिचे, यात वाद नाही. पण ८९९ पाठवून "माझं झालं" होत नाही. पोस्टपेडच्या जाहिरातीत आणि बिलाच्या ओळीत जी रक्कम दिसते तिच्यावर १८ टक्के जीएसटी शेवटी लागतो. प्रीपेड रिचार्जच्या किमतीत तो आधीच धरलेला असतो, त्यामुळे ज्यांनी आयुष्यभर रिचार्ज मारलेत त्यांच्या हे लक्षात येत नाही. ८९९ चे झाले १०६१ रुपये. मधले १६२ आत्ता तुम्ही भरताय, आणि माझी खात्री आहे की असे छोटे छोटे १६२ तुम्ही गेले कित्येक महिने भरत आलाय. एकच नियम लावा: बिलातल्या ज्या ओळीचे पैसे कुणाकडून घ्यायचेत, त्या ओळीला १.१८ ने गुणा आणि मगच सांगा. तिला रागावू नका, तिने जो आकडा मेसेजमध्ये पाहिला तोच पाठवला. आणि हे तिच्या वाट्यातलं फक्त रोमिंग झालं, तिच्या लाईनचे पैसे अजून यायचेत.

लेट फीचे १०० रुपये, करासह ११८. हे मी तुमच्या माथी मारणार आहे. रागावू नका. बिल तुमच्या नावावर, शेवटच्या तारखेचा मेसेज तुमच्या फोनवर, आणि पैसे कधीपर्यंत पाठवायचे हे धाकट्याला ठरवून दिलेलं नव्हतं. भावाला धडा शिकवायला म्हणून ऑपरेटरला शंभर रुपये दिलेत, असा याचा सरळ अर्थ होतो. खात्यावर ऑटोपे लावा आणि बिल वेळेवर जाऊ द्या. घरातली वसुली हा वेगळा विषय आहे, तो बिलाच्या तारखेला बांधू नका. शिवाय एक धोका आहे जो लोकांच्या ध्यानात येत नाही. फॅमिली खात्याचं बिल थकलं की फक्त भरणाऱ्याचा नव्हे, त्याला जोडलेल्या सगळ्या नंबरांवर गदा येऊ शकते. आधी आउटगोइंग जातं. धाकट्याने पैसे दिले नाहीत म्हणून आईचा फोन अडला, असं व्हायला नको.

आता मुख्य भाग, म्हणजे लाईनचं भाडं. इथे बहुतेक घरं एका सापळ्यात अडकतात. बिलावर चार नंबर "मूळ" आणि तीन "जादा" असे छापलेले असतात, म्हणून जादावाल्यांनी आपापले २९९ द्यायचे आणि मूळ चौघांनी ११९९ वाटून घ्यायचे असं ठरतं. पण तुम्ही चौघं मूळ का आहात? कारण तुमचे नंबर आधी जोडले गेले, एवढंच. उद्या बाबांची लाईन काढली तर बहिणीचा किंवा धाकट्याचा नंबर त्या चारांत जाऊन बसेल. क्रमाने नशीब ठरवू नका. माणसं सहा, माणशी एक लाईन, तर या सहा लाईनचं भाडं एकत्र करा आणि सारखं वाटा. ११९९ अधिक दोनदा २९९ म्हणजे १७९७, करासह २१२०. माणशी ३५३ रुपये.

सारखं का, जीबीप्रमाणे का नाही? कारण हे पैसे मुळात जीबीचे नाहीतच. नंबर चालू राहणं, अमर्याद बोलणं, ओटीपी येणं आणि वापरला नाही तरी दिमतीला असलेला डेटा, याचं हे भाडं आहे. बाबांनी दोनऐवजी वीस जीबी वापरले असते तरी भाडं तेवढंच राहिलं असतं. तसंच, बाबांचे न वापरलेले जीबी धाकट्याने वापरले म्हणून त्याने बाबांना काही देणं लागत नाही. ते जीबी विकता येत नव्हते. कुणाचंही नुकसान न करता ते वापरले जात असतील तर वापरू द्या, यात चोरी नाही. हे वहिनींना जरा समजावून सांगा, कारण त्यांचा राग इथून येतोय असं मला पत्रावरून वाटलं.

डोंगल मात्र माणूस नाही. ती धाकट्याची दुसरी लाईन आहे, सबब तिचे २९९ पूर्ण त्याचे, करासह ३५३. आकडा योगायोगाने माणशी वाट्याएवढाच निघालाय, त्यामुळे लक्षात ठेवायला सोपं: दोन लाईन, दोन वाटे.

राहिले जादा डेटाचे २४० रुपये, आणि त्यातले बहिणीच्या नावापुढचे ७०. हे ७० रुपये नीट समजून घेण्यासारखे आहेत. सामायिक डेटा म्हणजे सगळ्यांची एकच टाकी. ती बिलचक्राच्या ज्या दिवशी रिकामी झाली, त्यानंतर ज्याने ज्याने नेट वापरलं त्याच्या नंबरापुढे जादा पैसे चढले. बहिणीने शेवटच्या आठवड्यात सात जीबी वापरले असतील. टाकी तिने रिकामी केली नाही, ती फक्त उशिरा आली. म्हणून जादा डेटाची ओळ कुणाच्या नंबरापुढे छापली आहे याकडे अजिबात बघायचं नाही. टाकी कशामुळे संपली ते बघायचं, आणि ते बघायची रीत सोपी आहे: एकेक लाईन हिशेबातून काढून बघा, जादा वापर नाहीसा होतो का.

बहिणीची लाईन काढा. तिचे १४ जीबी गेले, तिने आणलेले १० ही गेले, वापर १९० आणि टाकी १७०. तरीही वीस जीबी जादा. आता डोंगल काढा. वापर १४३, टाकी १७०. जादा वापर शून्य, वर सत्तावीस शिल्लक. धाकट्याचा फोन ७८ जीबी खातो हे खरं, पण बाकी सगळ्यांनी मिळून ६५ च वापरल्यामुळे तो फोन टाकीत मावत होता. टाकी फोडली डोंगलने. म्हणून ते २४०, करासह २८३, पूर्ण धाकट्याचे, आणि बहिणीच्या नावचे ७० तिच्याकडून मागायचे नाहीत. तिला हे आजच फोन करून सांगा.

एखाद्या महिन्यात दोघांमुळे टाकी फुटली, म्हणजे कुणाही एकाला काढून जादा वापर जात नाही, असं झालं तर? तेव्हा टाकी भागिले लाईन असा साधा आकडा काढा. तुमच्याकडे १८० ला ७ लाईन, म्हणजे लाईनमागे सुमारे २६. ज्या लाईन सव्विसाच्या आत आहेत त्यांना सोडून द्या, आणि जे वर आहेत त्यांच्यात, ते जेवढे वर गेले त्या प्रमाणात जादा पैसे वाटा. एवढंच. याहून बारीक गणित घरात करू नये, त्यातून पैसे वाचत नाहीत आणि जेवणाच्या ताटावर विषय निघतो.

तर या महिन्याचं असं: धाकटा ३५३ अधिक ३५३ अधिक २८३, म्हणजे ९८९. बहीण ३५३ अधिक १०६१, म्हणजे १४१४. तिने ८९९ दिलेत, ५१५ यायचे. तुम्ही लेट फीसह ४७१. वहिनी, आई, बाबा प्रत्येकी ३५३. बेरीज करून बघा, दोनेक रुपयांच्या फरकाने ३९३५ जमतात.

आई-बाबांचे ७०६ कोणी द्यायचे हे तुम्ही विचारलेलं नाही, पण सध्या तुम्हीच देत असणार. ते तिघा भावंडांत वाटलेत तर प्रत्येकी २३५ येतात. हा मोबाईलच्या हिशेबाचा भाग नाही, त्यामुळे मी तो वर मिसळला नाही. तुमच्या घरात गॅस, औषधं, लाईटबिल कसं चालतं त्यावर ते ठरेल. फक्त बाबांच्या देखत ठरवू नका.

बाबांच्या "बंद करा" चं काय, ते मात्र बोलायला हवं, कारण त्यांच्या रागात थोडं तथ्य आहे. दोन जीबीवाल्याला ३५३ हे खरंच महाग आहे. फॅमिली प्लॅनमधल्या कुणालाही एक प्रश्न विचारायचा हक्क असतो: मी एकटा असतो तर मला किती पडलं असतं? उत्तर वाट्यापेक्षा खूपच कमी येत असेल तर तो माणूस बाकीच्यांना पोसतोय. धाकट्याचा फोन घ्या. दिवसाला अडीच जीबीचा प्रीपेड २८ दिवसांना चारशेच्या आसपास आहे, वर्षात असे तेरा रिचार्ज होतात. त्याला ३५३ म्हणजे फायदाच. बहिणीला साध्या दीड जीबीवाल्या रिचार्जने महिना तीनशे-साडेतीनशे पडले असते, म्हणजे तिचं समसमान. बाबांचं तसं नाही. ट्रायने डिसेंबर २०२४ मध्ये कंपन्यांना डेटा नसलेले, फक्त कॉल आणि एसएमएसचे प्रीपेड पॅक ठेवायला सांगितलं, आणि २०२५ च्या सुरुवातीपासून ते मिळायला लागले. ८४ दिवसांचा असा पॅक साडेचारशे ते पाचशेच्या दरम्यान येतो, महिन्याला दीडशे-पावणेदोनशे. बाबांच्या ३५३ चा निम्मा.

पण नंबर बंद अजिबात करू नका. त्यांचं बँक खातं, पेन्शन, आधार सगळं त्या नंबराला जोडलेलं असणार. करायचंच असेल तर त्याच कंपनीत तो नंबर पोस्टपेडवरून प्रीपेडवर न्या, नंबर तोच राहतो. ठरवण्याआधी बाबांच्या फोनवर एक गोष्ट बघा. ते दोन जीबी जातात कुठे? घरात वायफाय असेल, तर हे दोन जीबी घराबाहेरचे असणार. बाहेर पडल्यावर ते यूपीआयने भाजी घेत असतील, रिक्षा बोलावत असतील किंवा व्हॉट्सअॅपवर फोटो बघत असतील, तर कॉल-एसएमएसचा पॅक त्यांना नकोसा होईल. डेटा नसेल तर गूगल पे, फोनपे चालत नाहीत. *99# वर डायल करून पैसे जातात, पण भाजीवाल्यासमोर उभं राहून ते करायला कुणीही कंटाळेल. मोबाईल डेटा नुसता चालू राहून फोनच मागे अपडेट खात असेल, तर गोष्ट वेगळी. एक आठवडा त्यांचा मोबाईल डेटा बंद ठेवून बघा म्हणावं, आणि त्यांना अडलं का ते त्यांनाच विचारा. बाबांना काढल्यावर बाकीच्यांवर बोजा येणार नाही, तेवढी जादा लाईन कमी होते आणि उरलेल्या पाचांचा वाटा ३५४ च येतो. टाकी मात्र दहाने कमी होईल, ते लक्षात ठेवा.

आता डोंगल. मला वाटतं तुमच्या बिलातली खरी गाठ तीच आहे, वाटणीचा वाद तिच्यामुळे सुरू झालाय. धाकट्याकडे फोन आहे, त्यात हॉटस्पॉट आहे, मग वेगळं डोंगल कशाला? बहुधा तो फ्लॅटमध्ये दोघा-तिघांबरोबर राहतो, डोंगल हॉलमध्ये लावलेलं आहे आणि टीव्ही त्याच्यावर चालतो. चांगल्या दर्जाचा व्हिडिओ तासाला दोन-तीन जीबी घेतो, म्हणजे रोज एक तास मॅच किंवा सिरीज बघितली तरी महिन्यात साठ जीबी सहज होतात. तुमचे ६१ तिथलेच दिसतात. ऑपरेटरच्या अॅपमध्ये मुख्य खातेदाराला नंबरनिहाय वापर दिसतो, काही ठिकाणी दिवसागणिकही. शनिवार-रविवारी आणि रात्री नऊनंतर वापर उसळत असेल तर समजायचं की टीव्हीच आहे. सकाळी दहा ते सहा असेल तर तो घरून काम करतोय, आणि मग त्याच्या ऑफिसकडून इंटरनेटचे पैसे मिळतात का हे त्याने विचारावं.

टीव्ही असेल तर तुमचं नाशिकचं घर पुण्यातल्या तिघांच्या करमणुकीचं बिल भरतंय. भरणारे अर्थात तुम्ही, कारण बिल तुमच्या नावावर. डोंगलचे ३५३ आणि जादा डेटाचे २८३ मिळून ६३६ रुपये महिन्याला जातात. त्याच्या साधारण तीन चतुर्थांश पैशांत, चारशेच्या आसपास अधिक जीएसटीला, पुण्यासारख्या शहरात छोटं ब्रॉडबँड कनेक्शन मिळतं, आणि ते तिघांत वाटलं तर माणशी दीडशे-एकशे साठ. धाकट्याला हे गणित दाखवा. भांडण न करता, आकडे पाठवून. तो काही वाईट माणूस नाही, त्याला ६३६ कधी दिसलेच नाहीत, कारण ते सगळ्यांच्या बिलात विरघळून जात होते.

फक्त ब्रॉडबँड येईपर्यंत डोंगल बंद करायला लावू नका. नाहीतर तोच टीव्ही फोनच्या हॉटस्पॉटवर जाईल. डोंगल गेल्यावर टाकी १७० ची, बाकीच्यांचे ६५, म्हणजे धाकट्याला १०५ पर्यंत मोकळीक. ७८ आणि ६१ मिळून होतात १३९. जादा वापर ३४ जीबी, करासह चारशे रुपये, आणि तुम्ही मला पुन्हा पत्र लिहाल. त्याचा फोन ५जी असेल तर फोनच्या नेटवर्क सेटिंगमध्ये ५जी चालू आहे का हेही बघायला सांगा. अनेक पोस्टपेड प्लॅनमध्ये ५जीवर वापरलेला डेटा टाकीतून वजा होत नाही, पण सेटिंग ४जीवर अडकलेलं असेल तर तो सगळा तुमच्या १८० मधून जातो. तुमच्या प्लॅनला ही सवलत आहे का ते अॅपमध्ये प्लॅनच्या तपशिलात लिहिलेलं असतं.

कुणी म्हणेल, त्यापेक्षा मोठा प्लॅन घ्या. समजा दोनशे रुपयांनी महाग प्लॅनमध्ये टाकी पुरेशी मोठी होते. करासह फरक २३६, आत्ताच्या २८३ पेक्षा ४७ ने कमी. हरकत नाही, घ्या, पण तो २३६ चा फरक धाकट्याचाच. बिलात तो "मूळ भाड्यात" दिसेल आणि दोन महिन्यांनी सगळे विसरतील की तो कुणासाठी वाढला. म्हणून ज्या दिवशी प्लॅन बदलाल त्याच दिवशी घरच्या ग्रुपवर लिहून ठेवा: जुना एवढा, नवा एवढा, फरक अमुकचा. पुढे वहिनींचा वापर वाढून त्यांनाही मोठी टाकी लागायला लागली, तर तेव्हा फरक दोघांत.

वसुलीसाठी दर महिन्याला हे सगळं करत बसू नका. माणशी ३६०, धाकट्याचे डोंगल असेतो ७१५, दर महिन्याच्या पाच तारखेला. ठरलेली रक्कम असली की बँकेच्या अॅपमध्ये एकदा स्टँडिंग इन्स्ट्रक्शन लावून विसरता येतं. वरचे थोडे पैसे साठतात, त्यात एखादा किरकोळ जादा जीबी निघून जातो. रोमिंग, ओटीटीची वर्गणी, कॉलर ट्यून असलं काही ज्याने घेतलं त्याने १.१८ ने गुणून त्याच दिवशी पाठवायचं. तीन महिन्यांनी एकदा तिन्ही बिलं उघडून बघा, एवढं पुरे. बिलाची पीडीएफ ग्रुपवर टाकत जा, पण पहिलं पान आणि नंबरनिहाय बेरजेचं पान तेवढंच. सविस्तर बिलात कुणी कुणाला किती वाजता फोन केला हे असतं, आणि बहिणीच्या सासरच्या फोनांची यादी सगळ्यांनी वाचायचं कारण नाही.

एक गोष्ट आत्ताच तपासून ठेवा, कारण ती भांडण झाल्यावर तपासली तर उशीर झालेला असतो. सातपैकी कोणते नंबर कागदोपत्री कुणाच्या नावावर आहेत? जादा लाईन घेताना घाईत तुमचंच आधार दिलेलं असेल तर बहिणीचा नंबर कायद्याने तुमचा आहे, आणि तिला तो उद्या स्वतःच्या नावे वेगळा करायचा असेल तर आधी मालकी बदलण्याचा अर्ज, मग बाकीचं. धाकटा चिडून दुसऱ्या कंपनीत जायला निघाला तर त्याने `PORT`, मग एक जागा सोडून नंबर, असा एसएमएस 1900 वर पाठवायचा, त्यावर कोड येतो आणि तो बहुतेक राज्यांत चारच दिवस चालतो. पण बिलाची तारीख उलटून थकबाकी राहिली असेल तर पोर्टिंग नाकारलं जातं. शिवाय नंबर सध्याच्या कंपनीत नव्वद दिवसांहून जास्त काळ चालू असावा लागतो, त्यामुळे आधी याच कंपनीत पोर्ट करून आणला असेल तर ती तारीख बघा. कुणी बाहेर पडणार असेल तर बिलचक्र संपायच्या आठवडाभर आधी सांगायचं, हिशोब चुकता करायचा आणि मग जायचं. त्याच्या मागे उरलेल्यांचा माणशी वाटा किती होतो हे काढून बघा. तुमच्या प्लॅनमध्ये चार माणसं उरेपर्यंत तो जवळजवळ हलत नाही. तीन झाली की ११९९ तिघांवर येतात, करासह ४७२ प्रत्येकी, आणि तेव्हा लहान प्लॅनकडे जायची वेळ झालेली असते.